संपत आलेल्या मालाची पार्टीवार ऑर्डर यादी आपोआप कशी निघते?

बार्शीत माझ्या मावसभावाचं हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गल्ल्यामागच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर टांगलेलं असतं आणि त्याच्या उलट्या पानांवर दिवसभर याद्या लिहिल्या जातात. टेफ्लॉन टेप संपत आली, अर्धा इंची एल्बो बघा, दीडच्या वायरचे दोनच बंडल. दुकानातली पोरं लिहितात, भाऊ लिहितो, कधी वहिनीही लिहिते. रात्री शटर अर्धं ओढून भाऊ ती यादी पुढ्यात घेतो आणि सोलापूरच्या पाइपवाल्याला काय सांगायचं, पुण्याच्या इलेक्ट्रिकवाल्याला काय, हे वेगवेगळं लिहून काढतो.

मागच्या महिन्यात एक सॉफ्टवेअर विकणारा दुकानात येऊन गेला. त्याच्या तोंडी एकच शब्द होता, ऑटो पीओ. किमान साठ्याखाली गेलेल्या मालाच्या ऑर्डरी आपोआप तयार, त्याही पार्टीवार. भावाने मला फोन करून पहिला प्रश्न विचारला तो असा: "म्हणजे मशीन परस्पर माल मागवणार? आणि पैसे मी द्यायचे?"

प्रश्न रास्त होता. सॉफ्टवेअर विकत न घेता आम्ही आधी एका साध्या गूगल शीटमध्ये ही गोष्ट करून बघितली. त्यामुळे आत काय चालतं ते उघड्यावर दिसलं.

## घरातले दोन सिलिंडर

ज्यांच्या घरी गॅसचे दोन सिलिंडर आहेत त्यांना ही पद्धत आधीच येते. पहिला सिलिंडर संपला की दुसरा लावायचा आणि त्याच दिवशी नंबर लावायचा. नवा सिलिंडर येईपर्यंत दुसरा पुरतो. इथे "पहिला संपला" ही ऑर्डरची खूण आहे आणि दुसरा सिलिंडर म्हणजे वाट बघण्याच्या दिवसांची शिदोरी.

दुकानात प्रत्येक वस्तूचे असे दोन सिलिंडर ठेवता येत नाहीत, म्हणून आकडा ठरवतात. शिल्लक या आकड्याला आली की मागवायचं. हा आकडा म्हणजे किमान साठा. आणि पीओ, म्हणजे पर्चेस ऑर्डर, हे बिल नसतं. ते पुरवठादाराला लिहिलेलं मागणीपत्र असतं: अमुक माल, अमुक नग, अमुक दराने पाठवा. दुकानदार पुरवठादाराला पार्टी म्हणतात, मीही तेच म्हणेन.

एवढं समजलं की सॉफ्टवेअर काय करतं ते एका वाक्यात सांगता येतं. ते रोज प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून विचारतं, किमानाला आली का? आली असेल तर तिचं नाव तिच्या पार्टीच्या कागदावर लिहितं. कॅलेंडरच्या मागच्या पानावर हेच होत होतं. फरक इतकाच, की पोराचं लक्ष नसेल तर कॅलेंडरवर एल्बो लिहायची राहून जाते.

## किमान आकडा कुठून आणायचा?

इथे बहुतेक जण अंदाजाने ५० किंवा १०० असा गोल आकडा टाकून मोकळे होतात, आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं.

आमच्या अर्धा इंची सीपीव्हीसी एल्बोचं उदाहरण घेऊ. रोज सरासरी १२ नग जातात. सोलापूरला ऑर्डर दिल्यापासून माल दुकानात यायला ३ दिवस लागतात. म्हणजे वाट बघताना ३६ नग लागतील. पण एखाद्या दिवशी प्लंबर येऊन एकदम ३० नग उचलतो, कधी गाडी एक दिवस उशिरा येते. त्यासाठी दोन दिवसांची विक्री वर धरली, २४ नग. झाले ६०. हा एल्बोचा किमान साठा.

या ६० मागे एक अट लपलेली आहे: यादी रोज निघते आणि ऑर्डर रोज देता येते. सोलापूरची पार्टी व्हॉट्सॲपवर रोज ऑर्डर घेते, म्हणून हे चालतं. समजा ऑर्डर घ्यायला सेल्समन दर मंगळवारीच येत असता. मंगळवारी सकाळी ६१ नग आहेत, म्हणून एल्बो यादीत नाही. पुढची संधी सात दिवसांनी आणि त्यानंतर माल यायला तीन दिवस. दहा दिवसांत १२० नग लागणार आणि हाताशी आहेत ६१. पाचव्या-सहाव्या दिवशी खोका रिकामा होईल. अशा पार्टीच्या मालाचा किमान साठा धरताना माल यायचे दिवस अधिक दोन ऑर्डरींमधले दिवस असा हिशोब करावा लागतो, आणि जादाचे दोन दिवस त्याच्यावर. मग आकडा ६० ऐवजी १४४ होतो. तीच एल्बो, तीच विक्री, फक्त सेल्समन मंगळवारी येतो म्हणून.

सरासरी विक्री काढतानाही एक खड्डा आहे. समजा गेल्या ३० दिवसांत २४० एल्बो विकल्या. भागाकार करून रोजच्या ८ आल्या. पण त्या महिन्यात १० दिवस एल्बो दुकानात नव्हतीच. विकायला माल होता असे दिवस २०, म्हणजे खरी विक्री रोज १२. आठच्या हिशोबाने किमान साठा ४० ठरतो, तो अपुरा पडतो, माल पुन्हा संपतो, पुढच्या महिन्याची सरासरी आणखी खाली येते. माल नव्हता म्हणून विकला गेला नाही आणि विकला गेला नाही म्हणून मागवला नाही, असं हे चक्र फिरत राहतं. त्यामुळे सरासरी काढताना शिल्लक शून्य असलेले दिवस भागाकारातून वगळायचे.

## मागवायचं किती?

किमान साठा केव्हा मागवायचं ते सांगतो. किती मागवायचं हे सांगायला दुसरा आकडा लागतो, कमाल साठा. माल या आकड्यापर्यंत भरायचा. एल्बोसाठी आम्ही किमान ६० वर साधारण सहा दिवसांची विक्री धरली आणि १३० ठरवले.

एका खेपेला किती मागवावं याचं गणित फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्येच मांडलं होतं. थोडं थोडं मागवलं तर फेऱ्यांचा खर्च वाढतो, एकदम मागवलं तर पैसा रॅकवर पडून राहतो, आणि या दोन्हींमधला स्वस्तातला बिंदू सूत्राने काढता येतो. भावाच्या दुकानात आम्ही त्या सूत्राच्या वाटेला गेलो नाही. एल्बोला जागा लागत नाही आणि ती खराबही होत नाही, त्यामुळे आठवड्याचा माल हा अंदाज पुरेसा होता. तांब्याची वायर महाग, तिथे मात्र कमाल आकडा भावाने स्वतः दोनदा खाली आणला.

मग पॅकिंग येतं. एल्बो २५ च्या पिशवीत येते. ८९ नग हवे असतील तर पार्टी ८९ मोजून देणार नाही, म्हणून आकडा वर नेऊन १०० करायचा. नेहमी वर, खाली नाही. त्यामुळे साठा कधीकधी कमालच्या थोडा पुढे जातो आणि ते चालतं.

## वाटेवरचा माल

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात नीट समजून घ्यावी अशी ही एक गोष्ट आहे. बाकीचं शाळेतलं गणित आहे.

सोमवारी सकाळी एल्बो ४१ वर आली. यादीत आली, १०० नगांची ऑर्डर गेली. मंगळवारी सकाळी शिल्लक आहे २९. माल अजून गाडीत आहे. यादी फक्त शिल्लक बघत असेल तर मंगळवारी एल्बो पुन्हा यादीत येईल आणि पुन्हा १०० च्या वर नग मागवले जातील. बुधवारी तिसऱ्यांदा. गुरुवारी पहिली गाडी येईल, शुक्रवारी दुसरी, शनिवारी तिसरी. घरचा नंबर लावल्यावर सिलिंडर येईपर्यंत आपण रोज नंबर लावतो का?

म्हणून यादीने शिल्लक बघायची नाही, शिल्लक अधिक वाटेवरचा माल बघायचा. मंगळवारी २९ अधिक १०० म्हणजे १२९. हे ६० च्या वर आहे, म्हणून गप्प बसायचं.

तयार सॉफ्टवेअर हेच करतं. टॅलीत `Reorder Status` नावाचा अहवाल आहे. त्यात हातातल्या शिलकीत येणं बाकी असलेल्या ऑर्डरी मिळवतात, गिऱ्हाइकाला द्यायचा कबूल केलेला माल वजा करतात आणि मग उरलेला आकडा किमान पातळीशी ताडून पाहतात. ओडू हातातला, येणारा आणि जाणारा माल धरून पुढचा अंदाज काढतं आणि तो किमानाखाली गेला तर कमालपर्यंतची मागणी तयार करतं. मुंबईच्या फ्रापे कंपनीच्या ईआरपीनेक्स्टमध्येही तुलना अशाच अंदाजित साठ्याशी होते. नावं वेगळी, डोकं एकच.

आमच्या शीटमध्ये वाटेवरचा आकडा हाताने भरायचा नाही असं आधीच ठरवलं. `ऑर्डरवही` नावाचं वेगळं पान केलं. त्यात तारीख, पार्टी, वस्तू, किती मागवले, किती आले आणि बाकी किती. मालाच्या पानावरचा वाटेवरचा रकाना त्या वहीतली बाकी स्वतः गोळा करतो:

```
=SUMIF('ऑर्डरवही'!C:C, A2, 'ऑर्डरवही'!F:F)
```

C मध्ये वस्तूचं नाव, F मध्ये बाकी. त्या वस्तूच्या सगळ्या अपुऱ्या ऑर्डरींची बेरीज इथे येते.

## आता सगळं एकत्र

`माल` या पानावर एका वस्तूला एक ओळ. रकाने असे: A वस्तू, B पार्टी, C शिल्लक, D वाटेवर, E किमान, F कमाल, G पॅक, H दर, I मागणी, J रक्कम. सुट्या मालाला पॅक १ लिहायचा, रिकामं सोडायचं नाही. आकडे इंग्रजी अंकांतच टाकायचे. मागणीच्या रकान्यात हे सूत्र:

```
=IF(C2+D2<=E2, CEILING(F2-C2-D2, G2), 0)
```

मराठीत वाचायचं तर: हातातला आणि वाटेवरचा मिळून माल किमान साठ्याइतका किंवा त्याहून कमी असेल, तर कमालपर्यंत जितका कमी पडतो तितका, पॅकच्या पटीत वर नेऊन. नाहीतर शून्य. "किमानाच्या खाली" म्हणताना नेमकं किमानावर आलेला माल धरायचा की नाही हा वाद उगाच होतो. किमान आकडा माल यायच्या दिवसांवरून काढला असेल तर किमानावर आल्याक्षणी मागवायला हवं, म्हणून `<=`. रक्कम म्हणजे `=I2*H2`.

त्या सोमवारचं चित्र असं होतं. नग खरे आहेत, दर समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत.

| वस्तू | पार्टी | शिल्लक | वाटेवर | किमान | कमाल | पॅक | मागणी |
|---|---|---|---|---|---|---|---|
| एल्बो अर्धा इंच | सोलापूर पाइप | ४१ | ० | ६० | १३० | २५ | १०० |
| टी अर्धा इंच | सोलापूर पाइप | ३८ | ५० | ४० | ९० | २५ | ० |
| टेफ्लॉन टेप | सोलापूर पाइप | २२ | ० | ३० | १०० | १० | ८० |
| सोल्युशन डबी | सोलापूर पाइप | १४ | ० | १२ | ३६ | १२ | ० |
| वायर बंडल १.५ | पुणे इलेक्ट्रिक | ५ | ० | ८ | २० | १ | १५ |
| स्विच ६ अँपिअर | पुणे इलेक्ट्रिक | ३० | ० | ४० | १२० | २० | १०० |
| एलईडी बल्ब ९ वॅट | पुणे इलेक्ट्रिक | ६४ | ० | ५० | १५० | ५० | ० |

दुसरी ओळ बघा. टी ३८ च आहेत, किमान ४० आहे, तरी मागणी शून्य, कारण ५० नग आधीच गाडीत आहेत. कॅलेंडरवरच्या यादीत ही टी नक्की आली असती.

## पार्टीवार म्हणजे नक्की काय?

मागणी शून्याहून जास्त असलेल्या ओळी उचलायच्या आणि एका पार्टीच्या ओळी एकाखाली एक आणायच्या. त्यासाठी `ऑर्डर` या पानावर एकच सूत्र पुरतं:

```
=QUERY('माल'!A2:J, "select B, A, I, J where I > 0 order by B, A", 0)
```

ज्यांना थोडं संगणकाचं येतं ते इथे हमखास `group by` लिहितात आणि मग वस्तू गेल्या कुठे म्हणून शोधत बसतात. संगणकाच्या भाषेत `group by` म्हणजे एका पार्टीच्या सगळ्या ओळी चुरगाळून त्यांची एक बेरीज करणं. आपल्याला ओळी तशाच हव्या आहेत, फक्त शेजारी शेजारी. ते काम `order by` करतं. `group by` लागतं ते प्रत्येक पार्टीची एकूण रक्कम काढायला:

```
=QUERY('माल'!A2:J, "select B, sum(J) where I > 0 group by B label sum(J) ''", 0)
```

सोमवारी पुण्याच्या नावावर वायर आणि स्विच आले. बंडल २,००० रुपये धरून ३०,००० आणि स्विच ३५ रुपये धरून ३,५००, मिळून ३३,५००. सोलापूरच्या नावावर एल्बो १,००० आणि टेप ८०० रुपयांची, एकूण १,८००.

आणि पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. यादीत दोन सोलापूर निघाले. भावाने लिहिलं होतं "सोलापूर पाइप" आणि दुकानातल्या पोराने टेपसमोर लिहिलं होतं "सोलापूर पाईप". पहिला की दुसरा इकार बरोबर याच्याशी संगणकाला देणंघेणं नाही. अक्षर वेगळं म्हणजे पार्टी वेगळी. नावामागे चुकून पडलेली एक मोकळी जागाही हेच करते, आणि ती तर डोळ्यांना दिसतही नाही. उपाय एकच, पार्टीचं नाव टाइप करूच द्यायचं नाही. त्या रकान्यात निवडसूची लावायची आणि त्यातूनच नाव उचलायचं. वस्तूच्या नावाचंही तसंच, नाहीतर ऑर्डरवहीतली "एलबो" मालाच्या पानावरच्या "एल्बो"ला सापडणार नाही आणि वाटेवरचा आकडा शून्यच राहील.

पार्टीचा रकाना रिकामा राहिलेली वस्तू यादीत बिननावाच्या गटात येते. ती कुणालाच पाठवली जात नाही. यादीत बिननावाची ओळ दिसली तर आधी ती भरायची, मग बाकीचं.

एकाच वस्तूच्या दोन पार्ट्या असतील तर? शीटमध्ये एकीचंच नाव ठेवायचं, जिच्याकडून नेहमी घेतो तिचं. दुसरीकडून कधी घ्यायचं हा भाव आणि ओळखीचा मामला आहे. तो सूत्रात घालायचा प्रयत्न मी करून बघितला आणि सोडून दिला.

## गाडी येतेच आहे, तर अजून काही?

सोलापूरची पार्टी ३,००० रुपयांच्या वरच्या ऑर्डरीलाच माल दुकानापर्यंत पोचवते. त्याखाली असेल तर ट्रान्सपोर्टचे पैसे आपले. यादी म्हणते १,८००. इथे भाऊ म्हणाला, "बघ, हेच मशीनला कळत नाही. मी असतो तर सोल्युशनच्या डब्या पण टाकल्या असत्या."

बरोबर होतं त्याचं. सोल्युशन १४ आहे आणि किमान १२. आज नाही तर परवा ती यादीत येणारच. त्याच पार्टीची गाडी आज येते आहे तर परवासाठी वेगळी गाडी कशाला? आपण दूध आणायला बाहेर पडलो की कोथिंबीर थोडी उरली असली तरी घेऊन येतो. कोथिंबिरीसाठी मुद्दाम गेलो नसतो, एवढाच फरक.

हे यंत्राला शिकवता येतं. प्रत्येक वस्तूला किमानाच्या थोडी वर आणखी एक पातळी द्यायची. आम्ही K रकान्याला "जवळपास" नाव दिलं. सोल्युशनला १८, बल्बला ६०. नियम असा: वस्तू किमानावर आलेली नाही, पण जवळपास आली आहे आणि तिच्या पार्टीला आज काही ना काही ऑर्डर जाते आहे, तर सुचवायची. L रकान्यात:

```
=IF(AND(I2=0, C2+D2<=K2, SUMIF(B$2:B,B2,I$2:I)>0), CEILING(F2-C2-D2,G2), 0)
```

सोल्युशनला २२ डब्या कमी पडत होत्या, १२ च्या पॅकने २४ झाल्या. डबी ५५ रुपयांची, म्हणजे १,३२०. सोलापूरची ऑर्डर झाली ३,१२० आणि गाडी दुकानाच्या दारात आली. बल्ब ६४ असल्याने तो ६० च्या पातळीच्या वरच राहिला आणि पुण्याच्या यादीत घुसला नाही. पुण्याला तशीही ३३,५०० ची ऑर्डर जात होती, ती फुगवायचं कारण नव्हतं.

L रकाना आम्ही मुद्दाम I मध्ये मिळवला नाही. तो वेगळा, सुचवणीपुरता. किमानावर आलेला माल मागवावाच लागतो, जवळपास आलेला मागवायचा की नाही हे त्या दिवशीच्या खिशावर असतं. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायची. पार्टीवार मांडणी ही नुसती कागद नीटनेटका करायची सोय नाही. यादी पार्टीवार लावल्यावरच १,८०० रुपयांची ऑर्डर छोटी आहे हे दिसतं. सगळ्या वस्तू एकाखाली एक लिहिलेल्या कॅलेंडरवर ते कधीच दिसलं नसतं.

## चुकीची ऑर्डर परस्पर गेली तर?

भावाच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आपोआप होतं ते यादी बनवणं, पाठवणं नाही. आमच्या शीटमध्ये तर पाठवायची सोयच नाही. भाऊ यादी वाचतो, एखादा आकडा बदलतो, आणि मग पार्टीला व्हॉट्सॲप करतो. ओडूसारख्या प्रणालीतही आपोआप तयार होतो तो कच्चा मसुदा. त्याच पार्टीचा कच्चा मसुदा आधी पडलेला असेल तर नव्या ओळी त्यातच जमा होतात. मंजुरी माणूस देतो.

ही यादी वाचायला भावाला आता दहा-बारा मिनिटं लागतात. आधी जायचा तो वेळ आठवण्यात जायचा, आता जातो तो ठरवण्यात.

"माझ्या डोक्यात सगळं असतं" हा दुसरा आक्षेपही खोटा नाही. जास्त खपणारा माल भावाच्या डोक्यात पक्का असतो. डोक्यातून निसटतो तो महिन्यात चारदा लागणारा माल, उदाहरणार्थ सव्वा इंची बॉल व्हॉल्व. तो नसला तर गिऱ्हाईक नुसता व्हॉल्व नाही, सगळी यादीच दुसऱ्या दुकानात घेऊन जातं.

## यादी खोटं बोलते तेव्हा

यादी स्वतः चुकत नाही, तिला दिलेला आकडा चुकतो. पण प्रत्येक चुकीचा चेहरा वेगळा असतो, आणि तो ओळखता येतो.

शिल्लक वजा दिसली, समजा उणे ५, तर बहुतेक वेळा माल आलेला असतो, विकलाही गेलेला असतो, फक्त खरेदीचं बिल चढवायचं राहिलेलं असतं. यादी मात्र उणे ५ खरं मानून जास्त माल मागते. यादी काढण्याआधी वजा शिल्लक असलेल्या ओळी बघून घ्यायच्या.

शिलकीच्या रकान्यात कुणी "१२ नग" असं लिहिलं तर बेरीज होत नाही आणि मागणीत `#VALUE!` दिसतं. ही चांगली चूक, कारण ती ओरडते. गप्प बसणारी चूक एककांची असते. वायर सुटी मीटरनेही विकतात. पोराने पाच बंडलांऐवजी शिल्लक ४५० लिहिली, कारण बंडल ९० मीटरचं. किमान मात्र ८, ते बंडलांत. ४५० काही ८ च्या खाली येत नाही आणि वायर कधीच यादीत येत नाही. कुठलीही त्रुटी दिसत नाही. अशी वस्तू पकडायची तर महिन्यातून एकदा शिल्लक कमालच्या दुपटीहून जास्त असलेल्या ओळी काढून बघायच्या. त्यात खरोखर जादा मागवलेला मालही सापडतो.

सर्वांत चिवट चूक ऑर्डरवहीत असते. १०० एल्बो मागवल्या, ८० आल्या. पार्टी म्हणाली, "उरलेल्या पुढच्या गाडीला." पुढच्या गाडीला त्या आल्या नाहीत आणि कुणी विचारलंही नाही. वहीत बाकी २० तशीच. आता यादीच्या दृष्टीने २० एल्बो कायम वाटेवर आहेत. किमान ६० असताना ती ४० वर आल्यावर जागी होते. अशा दोन-तीन बाक्या साचल्या की आपण ठरवलेला किमान साठा कागदावरच राहतो. म्हणून ऑर्डरीची तारीख लिहायची, आणि माल यायला जितके दिवस लागतात त्याच्या दुपटीहून जुनी बाकी दिसली की पार्टीला फोन करायचा. ती पाठवणार असेल तर ठीक, नाहीतर बाकी शून्य करून टाकायची. सोलापूरसाठी हे सहा दिवस, पुण्यासाठी आम्ही दहा धरले.

किमान आणि कमाल आकडे वर्षभर एकच ठेवता येत नाहीत. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात आणि एल्बोची विक्री उतरते. दिवाळीआधी बल्ब आणि वायर पळते. टॅलीत किमान पातळी ठराविक काळातल्या खपावरून काढायची सोय आहे, आमच्या शीटमध्ये नाही. भाऊ जूनच्या सुरुवातीला आणि दसऱ्याच्या आधी असे दोनदा आकडे बदलतो.

आणि जो माल आता ठेवायचाच नाही, त्याची ओळ पुसायची नाही, कारण त्याचे दोन-चार नग रॅकवर असतात. किमान आणि कमाल दोन्ही शून्य करायचे. जुन्या पद्धतीच्या बटणांच्या बोर्डांचं आम्ही तसंच केलं. गेल्या आठवड्यात त्यांचा शेवटचा नग विकला गेला, शिल्लक शून्यावर आली आणि यादीत त्यांचं नाव आलं नाही. कॅलेंडरच्या मागच्या पानावर मात्र पोराने सवयीने लिहिलं होतं: जुने बोर्ड संपले.